रात्री दोनदा दिलेलं औषध : एका फोनचं प्रकरण

मध्यरात्र उलटून गेल्यावर, 2 वाजून 25 मिनिटांनी फोन वाजला. पलीकडून वडील बोलत होते. आवाज दबका होता, कारण मूल शेजारीच झोपलेलं होतं. "डॉक्टर, हिला तापाचं औषध दोनदा गेलंय. आधी हिच्या आईनं दिलं होतं, मला माहीत नव्हतं. मी परत दिलं. आता काय करू? उलटी करवू का?"

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि असे फोन मला वर्षभर येत असतात. बहुतेक वेळा मूल सुखरूप राहतं. तरीही हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण यात एक गोष्ट अशी घडली की पहिल्या पाच मिनिटांत मिळालेलं उत्तर पुढच्या पाच मिनिटांत चुकीचं ठरलं. औषध दुप्पट गेलं असं आईवडील मनापासून सांगत होते. प्रत्यक्षात ते तिप्पट गेलेलं होतं.

उलटीच्या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात आधी दिलं, कारण घाबरलेला माणूस तेवढ्यात काहीतरी करून बसतो. उलटी करवायची नाही. घशात बोट घालायचं नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही, औषध पातळ व्हावं म्हणून भरपूर पाणी किंवा दूध ओतायचं नाही. बोट घातल्यानं घशाला इजा होते आणि उलटी झालीच तर ती श्वासनलिकेत जायची भीती असते, विशेषतः अर्धवट झोपेतल्या मुलाच्या. मिठाच्या पाण्यानं लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम इतकं चढू शकतं की त्यापायी झटके येतात. म्हणजे मूळ चूक निरुपद्रवी असेल आणि उपायच जिवावर बेतेल. उलटी करवणारं औषध पूर्वी घरात ठेवायला सांगत, पण 2003 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तो सल्ला मागे घेतला. त्या औषधानं मुलांचं भलं झाल्याचा पुरावा नव्हता.

दुसरा प्रश्न मी विचारला : "ती आत्ता कशी आहे? तिच्याजवळ जा, हात लावा, हाक मारा." मूल हाकेला ओ देत नसेल, श्वास अडखळत किंवा फार संथ चालला असेल, ओठ निळसर असतील, झटके येत असतील, तर फोनवर हिशेब करत बसायचं नसतं. थेट रुग्णवाहिका बोलवायची. या मुलीनं हाक मारल्यावर डोळे उघडले, कुरकुरली आणि कूस बदलून परत झोपली. श्वास शांत होता. म्हणजे आपल्या हातात थोडा वेळ होता.

तिसरं वाक्य मला आईसाठी बोलावं लागलं. मागे ती रडवेल्या आवाजात म्हणत होती, "अरे, मला उठवायचं तरी होतंस," आणि वडील म्हणत होते, "अगं, तू झोपलेली होतीस म्हणून तर मीच उठलो." मी म्हणालो, "ते उद्या बोला. आत्ता दिवा लावा आणि घरातली तापाची, सर्दीची जितकी औषधं असतील तितक्या बाटल्या टेबलावर आणून ठेवा. आणि फोन स्पीकरवर टाका, मला तुम्ही दोघंही हवे आहात."

दोघंही हवे असण्याला कारण आहे. ज्यानं औषध दिलं त्यालाच ते कसं दिलं हे ठाऊक असतं. एकानं दुसऱ्याच्या वतीनं सांगितलेली माहिती पुष्कळदा अंदाजाची निघते.

पहिला हिशेब

मुलगी 2 वर्षं 4 महिन्यांची. तीन आठवड्यांपूर्वी लसीच्या वेळी वजन केलं तेव्हा 12 किलो भरलं होतं. आदल्या दिवशी सकाळपासून ताप. औषध पॅरासिटामॉलचं सिरप, बाटलीवर लिहिलेलं : 5 मिलीमध्ये 250 मिलिग्रॅम. मीच सांगितलेला डोस 3.5 मिली होता, म्हणजे 175 मिलिग्रॅम. 175 ला 12 नं भागलं की किलोमागे साधारण 14.6 मिलिग्रॅम येतात. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम असतो, तेव्हा हा डोस अगदी योग्य होता.

इथे जरा थांबतो, कारण हाच भाग घरोघरी निसटतो. औषध मोजतो आपण मिलीत, पण शरीरात काम करतात मिलिग्रॅम. किती मिली दिलं एवढं सांगून डॉक्टरला काहीच कळत नाही. सोबत बाटलीवरची ती ओळ हवी, इतक्या मिलीमध्ये इतके मिलिग्रॅम. आणि मुलाचं वजन हवं, कारण तेवढेच मिलिग्रॅम 8 किलोच्या बाळाला वेगळे आणि 20 किलोच्या मुलाला वेगळे. या तीन आकड्यांनी अर्धा निर्णय होतो. उरलेला अर्धा वेळेवर असतो.

आईनं सांगितलं, तिनं 1 वाजून 10 मिनिटांनी 3.5 मिली दिलं. वडिलांनी 2 वाजून 5 मिनिटांनी 3.5 मिली दिलं. मूल तापानं फणफणलं होतं, थर्मामीटरवर 102 फॅरनहाइट होतं, आणि आईनं तासाभरापूर्वीच औषध पाजलं आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. तापाचं औषध लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि पुढेही ताप हळूहळूच उतरतो, त्यामुळे पाजल्यावर तासाभरानं मूल गरम लागलं तर त्यात नवल नाही.

इथवरच्या माहितीवर हिशेब असा : 175 अधिक 175, म्हणजे 350 मिलिग्रॅम. किलोमागे 29. आता हा आकडा कशाशी ताडायचा? पॅरासिटामॉलच्या एकाच वेळच्या मोठ्या मात्रेबद्दल बऱ्याच मार्गदर्शक सूचनांत 6 वर्षांखालच्या मुलासाठी किलोमागे 200 मिलिग्रॅम ही रुग्णालयात पाठवायची पातळी धरलेली आहे. काही ठिकाणी 150 धरतात. ब्रिटनमध्ये त्याहून सावध राहून 24 तासांत मिळून किलोमागे 75 ओलांडले की तपासणी करा असं सांगतात. मी स्वतः फोनवर निर्णय घेताना हा सगळ्यात सावध आकडाच समोर ठेवतो, कारण मला मूल दिसत नसतं आणि ऐकलेल्या माहितीत चूक असू शकते. 29 हा आकडा 75 च्या निम्म्याहूनही कमी. एका वेळचा दुप्पट डोस, अंगानं धडधाकट मुलाला, एकदाच गेला तर यकृताला इजा होत नाही. इथेच मी "काळजी करू नका, झोपा" असं म्हणून फोन ठेवू शकलो असतो.

दुसरी बाटली

पण माझा एक नेम आहे. हिशेब कितीही सुखाचा आला तरी मी दोन गोष्टी करून घेतो. एक, ज्या बाटलीतून दिलं ती बाटली हातात घेऊन वाचायला लावतो. दोन, जितकं औषध दिलं तितकं पाणी त्याच साधनानं ओढून दाखवायला लावतो.

वडिलांना म्हटलं, "तुम्ही ज्या सिरिंजनं दिलंत ती घ्या. वाटीत पाणी घ्या. जितकं औषध ओढलं होतं तितकंच पाणी ओढा आणि दट्ट्याची काळी कड कुठल्या आकड्यावर आहे ते सांगा." त्यांनी ओढलं. "साडेतीन." तिथे चूक नव्हती. अशा वेळी कधी कधी 3.5 ऐवजी 5 निघतात, किंवा सिरिंजऐवजी घरातला चमचा वापरलेला असतो. घरातल्या चमच्यांची मापं सारखी नसतात. या घरात माप बरोबर होतं.

"आता ज्या बाटलीतून ओढलंत ती बाटली घ्या आणि त्यावरची मिलीची ओळ वाचा."

थोडी शांतता. मग ते म्हणाले, "1 मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम."

आई लगेच म्हणाली, "ती नाही रे, ही बघ, मोठी बाटली." वडील म्हणाले, "मी ह्यातनंच दिलं. हीच पुढे होती."

ती थेंबांची बाटली होती. मुलगी दहा महिन्यांची असताना आणलेली, सोबतचा ड्रॉपर केव्हाच हरवलेला. नाव तेच, कंपनी तीच, चित्र तेच, झाकणाचा रंगही तोच. तान्ह्या बाळांना औषध थोडक्यात पाजता यावं म्हणून थेंबांचं औषध मुद्दाम दाट बनवलेलं असतं. सिरपमध्ये 1 मिलीला 50 मिलिग्रॅम होते, थेंबांत 100. वडिलांनी सिरपची सिरिंज घेतली, सिरपचा आकडा लक्षात ठेवून 3.5 मिली ओढलं, पण ओढलं थेंबांच्या बाटलीतून. त्यांच्या हातून गेले 350 मिलिग्रॅम. आईच्या हातून 175. एकूण 525, म्हणजे ठरलेल्या डोसच्या बरोबर तिप्पट. किलोमागे जवळपास 44.

गंमत अशी की फोनवर दोघांनीही जे सांगितलं ते खरंच होतं. दोघांनी 3.5 मिलीच दिलं होतं. म्हणून मी बाटली वाचायला लावतो, आठवायला लावत नाही. घरात एकाच औषधाच्या दोन तीव्रतेच्या बाटल्या असणं हे मला दुहेरी डोसपेक्षा जास्त घाबरवतं, कारण त्या चुकीत माणसाला आपण चुकलो हे कळतच नाही. दुहेरी डोसची चूक तासाभरात उघड होते. तीव्रतेची चूक दिवसभर, दर सहा तासांनी, होत राहू शकते.

बाटली हलवली होती का, हेही विचारून घेतलं. दाट औषध तळाशी बसलेलं असेल तर वरचं ओढलेलं पातळ आणि तळाचं ओढलेलं जास्त दाट येतं. त्यांनी हलवली होती. हिशेब तसाच राहिला.

चोवीस तासांची बेरीज

44 हा आकडाही 75 च्या आतच होता. पण 75 ची पातळी एका वेळची नाही, 24 तासांची आहे. म्हणून मागे जावं लागलं.

आईला विचारलं, आदल्या दिवशीचा पहिला डोस केव्हा? दुपारी 1 ला. त्यानंतर? संध्याकाळी 7 ला. दोन्ही मोठ्या बाटलीतून, दोन्ही 3.5 मिली, दोन्ही तिनंच दिलेले. सकाळी ताप कमी होता म्हणून काही दिलं नव्हतं. मग रात्री 1 वाजून 10 मिनिटांचा तिचा, आणि 2 वाजून 5 मिनिटांचा वडिलांचा.

175, 175, 175, आणि 350. बेरीज 875 मिलिग्रॅम. 12 नं भागून किलोमागे 73.

रात्री अडीच वाजता या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत होतो. 75 च्या आत, पण अगदी कडेवर. मुलीचं खरं वजन 12 ऐवजी 11.5 असतं तर भागाकार 76 आला असता. तीन दिवसांच्या आजारपणात मूल अर्धा किलो सहज उतरतं. म्हणून कडेवरचा आकडा मी सुरक्षित धरत नाही. तो पुढचे प्रश्न विचारायला सांगतो.

एक प्रश्न होता दुसऱ्या औषधांचा. सर्दीच्या, अंगदुखीच्या अनेक मिश्र औषधांत पॅरासिटामॉल असतं आणि ते बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असेलच असं नाही. टेबलावर सर्दीचं एक सिरप होतं. आईला मागच्या बाजूचे घटक मोठ्यानं वाचायला लावले. त्यात पॅरासिटामॉल नव्हतं, आणि ते या आजारपणात दिलंही नव्हतं. असतं तर बेरीज 75 च्या पलीकडे गेली असती आणि मी त्यांना त्याच रात्री बोलावलं असतं.

दुसरा प्रश्न मुलीच्या अंगच्या ताकदीचा. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पॅरासिटामॉल यकृतात पोचल्यावर बहुतेक भाग सरळ मार्गानं निकामी होऊन लघवीवाटे जातो. थोडा भाग मात्र एका घातक पदार्थात बदलतो. यकृतातलं ग्लुटाथायोन हा पदार्थ त्याला तिथल्या तिथे पकडून निरुपद्रवी करतं. औषध फार झालं की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि तो घातक पदार्थ यकृताच्या पेशींना चिकटून त्या मारतो. हा साठा सगळ्यांचा सारखा नसतो. ज्या मुलानं दोन दिवस नीट खाल्लेलं नाही, ज्याला उलट्या होत आहेत, त्याचा साठा आधीच खालावलेला असतो. झटक्यांसाठी फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन घेणारी मुलं, क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन घेणारी मुलं, यकृताचा आजार असलेली मुलं आणि तीन महिन्यांखालची बाळं यांच्यासाठी मी हिशेबाच्या आकड्यावर विसंबतच नाही. त्यांना लगेच दाखवायचं.

या मुलीला असं काही नव्हतं. पण दिवसभर तिनं नीट खाल्लं नव्हतं आणि संध्याकाळी एकदा उलटी झाली होती.

उलटी कधी झाली? 7 च्या डोसनंतर साधारण 40 मिनिटांनी. वडील आशेनं म्हणाले, "मग तो डोस बाहेरच पडला असेल ना? तो बेरजेतून काढायचा?" नाही. द्रवरूप पॅरासिटामॉल चटकन शोषलं जातं, 40 मिनिटांत बराचसा भाग रक्तात गेलेला असतो. किती बाहेर पडला हे कुणीच सांगू शकत नाही. नवा डोस द्यायचा का हे ठरवताना आणि जास्त झालं का हे मोजताना, दोन्ही वेळा उलटीतला डोस पोटात गेला असंच धरायचं.

रात्री काय ठरवलं

माझा निर्णय असा झाला : त्या क्षणी रुग्णालयात धावायची गरज नाही, पण घरी सोडूनही द्यायचं नाही. सकाळी 9 ला माझ्याकडे आणायचं. तोवर पॅरासिटामॉल पूर्ण बंद.

तापाचं काय, हा साहजिक प्रश्न आला. दुसरं तापाचं औषध, आयबुप्रोफेन, घरात होतं. ते देऊ का असं आईनं विचारलं. मी नको म्हणालो. जे मूल नीट पीत नाही आणि ज्याला उलटी झाली आहे, त्याच्या अंगातलं पाणी कमी असू शकतं, आणि त्या अवस्थेत आयबुप्रोफेन मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. शिवाय तिच्या पोटात पॅरासिटामॉल आधीच तिप्पट होतं. ताप त्यानंच उतरणार होता. एका औषधाच्या चुकीवर रात्री अडीचला दुसरं औषध चढवायला मी सहसा तयार होत नाही. अंगावरचे जाड कपडे काढा, जागी झाली की घोट घोट पाणी द्या, एवढंच सांगितलं.

झोपू द्यायचं का? हो. दर दोन तासांनी जाऊन श्वास बघायचा आणि हलकं हलवून ती प्रतिसाद देते का पाहायचं. इथे एक खूणगाठ सांगून ठेवली. पॅरासिटामॉलनं गुंगी येत नाही. मूल उठवूनही उठत नसेल तर कारण पॅरासिटामॉलच्या या मात्रेत नाही, आजारात आहे किंवा दुसऱ्या कुठल्या औषधात आहे, आणि तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. पुन्हापुन्हा उलट्या, श्वास भरभर चालणं, आठ तासांत लघवी न होणं, पोटात दुखतं म्हणून रडणं, यांतलं काहीही झालं तरी लगेच निघायचं, मला फोन करत बसायचं नाही.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम दोनदा सांगितली. "ती सकाळी खेळत असली तरी आणायचीच." पॅरासिटामॉलची विषबाधा फसवी असते. पहिल्या 24 तासांत मूल पुष्कळदा ठीक दिसतं, फार तर मळमळतं. यकृताची इजा रक्तात आणि अंगावर दिसायला लागते ती एक ते तीन दिवसांनी. मूल बरं दिसतंय म्हणून वाट पाहणं ही या औषधाच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण उतारा वेळेत दिला तरच पुरता लागू पडतो.

हेच मोठ्या मात्रेत झालं असतं तर

वडिलांनी सकाळी विचारलं, आणखी किती गेलं असतं तर धोका होता? प्रश्न रास्त होता. त्याच बाटल्यांवर हिशेब करून दाखवला.

थेंबांची बाटली 15 मिलीची. ती भरलेली असती आणि मुलीनं स्वतःच उघडून सगळी प्यायली असती तर 1500 मिलिग्रॅम, किलोमागे 125. म्हणजे 75 च्या बरंच वर, तपासणीसाठी थेट रुग्णालय. सिरपची बाटली 60 मिलीची, पूर्ण भरलेली. ती सगळी गेली असती तर 3000 मिलिग्रॅम, किलोमागे 250. तिथे कुठल्याही मार्गदर्शक सूचनेनं ही विषबाधाच धरली असती.

अशा वेळी रुग्णालयात काय होतं? घटना होऊन थोडाच वेळ झाला असेल तर कधी कधी सक्रिय कोळसा देतात. तो पोटातलं औषध धरून ठेवतो. तो देणं हे रुग्णालयाचं काम, घरचं नाही. मग औषध पोटात गेल्यापासून निदान 4 तासांनी रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी पाहतात. त्याआधी पाहिलेली पातळी फसवते, कारण औषध अजून शोषलं जात असतं. तो आकडा एका तक्त्यावर मांडतात. रुमॅक आणि मॅथ्यू यांनी 1975 साली मांडलेला हा तक्ता आजही जगभर वापरात आहे. पातळी रेषेच्या वर असेल तर ॲसिटिलसिस्टीन सुरू करतात. हे औषध ग्लुटाथायोनचा रिकामा होत चाललेला साठा परत भरून देतं. औषध पोटात गेल्यापासून 8 तासांच्या आत ते सुरू झालं तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. उशीर झाला तरी देतातच, पण खात्री कमी होत जाते. म्हणून बाटली रिकामी सापडली तर ती नेमकी कधी भरलेली पाहिली होती हे आठवणं मोलाचं असतं. वेळ नक्की ठाऊक नसेल तर सगळ्यात आधीची शक्य वेळ धरायची.

या मुलीच्या बाबतीत तो तक्ता उपयोगाचाही नव्हता. तो एका ठरावीक वेळी एकदाच गेलेल्या मात्रेसाठी आहे. तिच्या पोटात 13 तासांत चार वेळा औषध गेलं होतं. अशा वेळी तक्त्यावर रेषेखाली आलेला आकडा खोटा दिलासा देऊ शकतो. तिथे एकूण बेरीज, मुलाची तब्येत आणि गरज वाटली तर यकृताची तपासणी यांवरच चालावं लागतं.

पॅरासिटामॉल नसतं तर

हा सगळा शांत हिशेब पॅरासिटामॉलमुळे शक्य झाला. योग्य डोस आणि घातक डोस यांत त्याच्या बाबतीत ऐसपैस अंतर आहे. अमॉक्सिसिलिनसारख्या प्रतिजैविकाचा एखादा डोस दुप्पट गेला तर बहुधा जुलाब, मळमळ एवढ्यावर निभावतं. ॲलर्जीच्या सेटिरिझिननं मूल पेंगतं किंवा उलट चिडचिडं होतं.

पण हृदयाच्या औषधांत, मुख्यतः डिगॉक्सिनमध्ये, ते अंतर अगदी अरुंद असतं. झटक्यांची औषधं, साखर कमी करणारी औषधं, रक्तदाबाची औषधं, कोडीन किंवा तत्सम अफूवर्गीय घटक असलेली खोकल्याची आणि दुखण्याची औषधं, यांचा दुप्पट डोस गेला तर मूल कसंही दिसत असो, किलोमागचा हिशेब घरी मांडत बसू नका. लगेच डॉक्टरला किंवा विषबाधा माहिती केंद्राला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन निघायची तयारी ठेवा. घरातल्या मोठ्या माणसाची गोळी मुलाच्या पोटात गेली असेल तर तो डबल डोस नव्हेच. तिथे एक गोळीसुद्धा फार असू शकते.

सकाळ

नऊला ती आली. ताप 100.5, जीभ ओलसर, सकाळी एकदा लघवी झालेली, पोट मऊ. मी पोट दाबून पाहिलं तर तिनं माझा हात ढकलला. वजन काट्यावर घेतलं, 11.8 किलो. हिशेब परत केला : 875 भागिले 11.8, किलोमागे 74. अजूनही आत. रात्रीपासून उलटी नाही, समोर बसून पेलाभर पाणी प्यायली. मी रक्त काढलं नाही. वजन 11.5 आलं असतं किंवा उलट्या चालू असत्या तर काढलं असतं. माझ्या जागी दुसऱ्या डॉक्टरांनी या आकड्यावर यकृताची तपासणी करून घेतली असती तर मी त्यांना चूक म्हटलं नसतं.

मग पुढचा डोस केव्हा, हे ठरवायचं होतं. पालकांना वाटतं की सहा तास झाले की मोकळे. तसं नाही. आता सरकत्या 24 तासांचा हिशेब लागतो. मी दिवसाला किलोमागे 60 ही मर्यादा धरतो, या मुलीसाठी सुमारे 700 मिलिग्रॅम. दुपारी 1 ला आदल्या दिवशीचे 175 मोजणीतून बाहेर पडणार, उरणार 700. तेवढ्यानंच मर्यादा भरलेली. संध्याकाळी 7 ला आणखी 175 बाहेर पडणार, उरणार 525. मग 175 दिले तर 700 होतात. म्हणजे पुढचा डोस संध्याकाळी 7 नंतर, तोही ताप त्रास देत असेल तरच. आणि त्यानंतरचा थेट मध्यरात्र उलटून गेल्यावर, रात्रीचे ते दोन्ही डोस मोजणीबाहेर गेले की.

आईनं पिशवीतून थेंबांची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी ती ठेवून घेतली. परत घरी गेली असती तर ती पुन्हा पुढे आली असती.

मग वडिलांनी एक वहीचं पान दाखवलं. रात्री तीननंतर झोप आली नाही म्हणून रेघा मारून केलेलं : वेळ, औषध, मिली, बाटलीवरचे मिलिग्रॅम, कुणी दिलं. चारही डोस त्यात उतरवलेले होते, त्यांचा स्वतःचा 350 सुद्धा, लाल पेनानं. मी त्यात एक रकाना वाढवायला सांगितला, उलटी झाली का. ते पान सिरपच्या बाटलीला रबरबँडनं बांधून ठेवायचं असं आईनं ठरवलं, म्हणजे पान सोडवल्याशिवाय झाकण उघडता येणार नाही.

संध्याकाळी त्यांनी त्याच पानाचा फोटो पाठवला. पाचवी ओळ होती : 7:20, सिरप, 3.5 मिली, 175, आई. पुढच्या रकान्यात वडिलांची सही.